एकच रायगड, दोन पासिंग: एमएच ०६, एमएच ४६ आणि जिल्ह्याची हद्द

काळनदी

नमस्कार मंडळी. माझी गाडी पनवेल पासिंगची, म्हणजे एमएच ४६ ची आहे. २०१७ साली खारघरला राहत असताना ती घेतली होती. निवृत्तीनंतर खारघरची जागा मुलीच्या हवाली करून आम्ही दोघे माणगाव तालुक्यातल्या गावी कायमचे राहायला आलो आणि गाडीही आता आमच्या अंगणातच उभी असते. आरसी बुकावर मात्र अजून खारघरचाच पत्ता आहे.

तो बदलण्यासाठी चौकशी केली, तेव्हा दोन जाणत्या माणसांनी दोन निराळी उत्तरे दिली. आमच्याकडच्या एका एजंटाचे म्हणणे असे की खारघर रायगडात आणि माणगावही रायगडात, जिल्हा एकच असल्यामुळे काहीच करण्याची गरज नाही. शेजारच्या गृहस्थांचे म्हणणे असे की माणगावला एमएच ०६ लागतो, त्यामुळे पनवेलचा नंबर रद्द होऊन मला पेणचा नवा नंबर आणि नव्या पाट्या घ्याव्या लागतील. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत, एवढे मला कळते. पण माझा खरा प्रश्न याच्याही मागचा आहे. एका जिल्ह्याला दोन नंबर असतील, तर नंबराचा आणि जिल्ह्याचा नेमका संबंध काय?

शिडाचा_मचवा

नंबरावरून जिल्हा कळतो, हे आपण लहानपणापासून ओळखत आलो आहोत. ०६ रायगड, ०७ सिंधुदुर्ग, ०८ रत्नागिरी आणि घाट चढलात की ०९ कोल्हापूर. पनवेलची वस्ती वाढली म्हणून तिथे एक जादा कार्यालय दिले, एवढेच समजा.

आपल्या कामाविषयी सांगायचे तर कार्यालय बदलत असल्यामुळे आधी पनवेलहून ना हरकत दाखला घ्यावा लागेल आणि मग तो पेणला द्यावा लागेल. मी ठाण्याहून रत्नागिरीला आलो, तेव्हा मला ठाण्याला तीन खेपा घालाव्या लागल्या होत्या. त्याला आता पंधरा वर्षे होऊन गेली. नंबर मात्र बदलला नाही, माझी मोटारसायकल आजही एमएच ०४ चीच आहे. त्यामुळे शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून नव्या पाट्यांच्या खर्चाची चिंता करू नये.

निवृत्त_खतावणी

मी मोटार वाहन विभागात बरीच वर्षे कारकुनी केली आणि नोंदणीच्या टेबलावरूनच निवृत्त झालो, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

काळनदी यांच्या मागच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण तो नीट समजला की पुढचे आपोआप सुटते. एमएच नंतरचे दोन आकडे जिल्ह्याचे नसतात, कार्यालयाचे असतात. १९८८ चा मोटार वाहन अधिनियम १ जुलै १९८९ पासून लागू झाला आणि ही आताची पद्धत आली, तेव्हा बहुतेक ठिकाणी एका जिल्ह्याला एकच कार्यालय होते. त्यामुळे कार्यालयाचा आकडा म्हणजेच जिल्ह्याचा आकडा, अशी आपली सर्वांची सवय झाली. ही सवय कोकणात अधिक पक्की झाली, कारण रत्नागिरीतून सिंधुदुर्ग १ मे १९८१ रोजीच वेगळा झालेला होता आणि आकडे देण्याच्या वेळी दोघांनाही स्वतंत्र आकडा मिळाला. नकाशावर उत्तरेकडून दक्षिणेकडे उतरताना रायगड, रत्नागिरी, सिंधुदुर्ग असा क्रम लागतो, आकडे मात्र सहा, आठ, सात असे आहेत. म्हणजे जिल्ह्यांच्या क्रमाशी या आकड्यांचा संबंध पहिल्या दिवसापासूनच सैल होता.

आता पुढचे आकडे पाहावेत. ३७ वाशीम, ३८ हिंगोली आणि ३९ नंदुरबार, हे तिन्ही जिल्हे १९९८ आणि १९९९ या दोन वर्षांत नव्याने झाले आणि त्यांना नवे आकडे मिळाले, इथपर्यंत जिल्ह्याचा हिशोब जुळतो. पण ४१ मालेगाव, ४२ बारामती, ४३ नवी मुंबई, ४४ अंबाजोगाई, ४५ अकलूज, ४६ पनवेल, ४७ बोरिवली, ४८ वसई आणि ५० कराड ही यादी वाचली, तर यातले एकही ठिकाण जिल्ह्याचे मुख्यालय नाही हे लगेच लक्षात येईल. जिथे वाहने वाढली किंवा जिथून जिल्ह्याचे गाव फार लांब पडत होते, तिथे कार्यालय उघडले आणि रांगेतला पुढचा आकडा त्याला दिला. मीरा-भाईंदरला अलीकडे मिळालेला ५८ याच रांगेतला आहे.

म्हणून शिडाचा_मचवा यांचे म्हणणे अर्धे बरोबर आहे. पनवेलचे कार्यालय वाढत्या वस्तीमुळे आले हे खरे, पण ते पेणच्या हाताखालचे जादा कार्यालय नाही. त्याची स्वतःची हद्द आहे आणि त्या हद्दीत पेणला नोंदणीचा अधिकार नाही. शासन कार्यालयाची हद्द तालुक्यांची नावे घेऊन ठरवते. रायगडचे पंधरा तालुके आहेत. त्यांतले पनवेल, उरण, खालापूर आणि कर्जत हे चार पनवेल कार्यालयाकडे गेले. उरलेले अकरा, म्हणजे पेण, अलिबाग, मुरूड, रोहा, सुधागड, माणगाव, तळा, श्रीवर्धन, म्हसळा, महाड आणि पोलादपूर, हे पेणकडे राहिले. जिल्ह्याची सीमा ही या तालुक्यांच्या भोवतीची बाहेरची रेघ आहे, नोंदणीच्या हद्दी तिच्या आतल्या रेघा आहेत.

काळनदी यांच्या गाडीबद्दल कलम ४९ पाहावे. मालक आरसीवरच्या पत्त्यावर राहत नसेल, तर पत्ता बदलल्यापासून ३० दिवसांच्या आत त्याने नवा पत्ता कळवायचा असतो. नवा पत्ता राज्यातल्याच दुसऱ्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या हद्दीत असेल, तर तो त्या दुसऱ्या प्राधिकाऱ्याला कळवायचा असतो. म्हणजे अर्ज पेणला करायचा. अर्ज फॉर्म ३३ चा. त्यासोबत आरसी, चालू विमा, पीयूसी आणि नव्या पत्त्याचा पुरावा लागतो, चेसिस नंबरचा पेन्सिलने घेतलेला ठसाही बहुधा मागतात. नंबर एमएच ४६ चाच राहतो. नोंदणी एकदा झाली की ती देशभर ग्राह्य असते आणि राज्याच्या आत नंबर बदलत नाही. आपल्या एजंटाने जिल्हा पाहिला आणि शेजाऱ्यांनी पाटी पाहिली, पाहायचा होता तो तालुका.

नेरळची_ताई

निवृत्त_खतावणी काका, यादी वाचून एक जुनी शंका वर आली. मी नेरळला राहते. आमचा कर्जत तालुका, पण आमचे सगळे जाणे-येणे बदलापूर आणि कल्याणकडे. बाजार तिकडे, दवाखाना तिकडे, लोकल तिकडे. कल्याणचे कार्यालय आम्हाला अर्ध्या तासावर आहे, तरी गाडीच्या कामाला पनवेलच का? तालुक्याऐवजी सोयीने का ठरवत नाहीत?

दुसरे असे, माझ्या भावाची रिक्षा आहे. ती पनवेलला पासिंग झाली असेल, तर ती कल्याण हद्दीत चालवता येते का? कारण आपण म्हणालात की नोंदणी देशभर ग्राह्य असते.

निवृत्त_खतावणी

ताई, पहिल्या शंकेचे उत्तर तालुक्यातच आहे. कार्यालयाच्या हद्दीसाठी अशी रेघ लागते, जी कागदावर आधीच निश्चित असते आणि जिच्याबद्दल दोन माणसांत वाद होत नाही. तालुका ही महसुलाची रेघ आहे. सातबाऱ्यावर, रेशन कार्डावर, वीजबिलाच्या पत्त्यावर तालुका लिहिलेला असतो आणि टेबलावर बसलेल्या कारकुनाला पुरावा पाहताक्षणी हद्दीचा निर्णय करता येतो. सोयीने ठरवायचे म्हटले, तर नेरळला कल्याण सोयीचे, पण त्याच कर्जत तालुक्यातल्या खोपोलीकडच्या गावांना पनवेल सोयीचे. मग तालुका फोडावा लागेल. शिवाय कर्जत रायगडात आणि कल्याण ठाण्यात आहे. कार्यालयाची हद्द जिल्ह्यापेक्षा लहान असलेली आपल्याकडे सर्रास दिसते, पण एका जिल्ह्याचा तालुका दुसऱ्या जिल्ह्यातल्या कार्यालयाला जोडणे शक्यतो टाळतात, कारण पुढे जिल्हाधिकारी, न्यायालय आणि वसुली यांचे सगळे कागद दोन जिल्ह्यांत विभागले जातात.

रिक्षेची गोष्ट मात्र पूर्णपणे वेगळी आहे आणि तिची गल्लत करू नये. नोंदणी देशभर ग्राह्य म्हणजे वाहन म्हणून तिची ओळख देशभर मान्य. भाड्याने प्रवासी नेण्याचा हक्क परवान्यातून येतो आणि परवान्याची हद्द नोंदणीच्या हद्दीपेक्षा निराळी असते. परवान्याचे निर्णय कार्यालय घेत नाही, प्रादेशिक परिवहन प्राधिकरण घेते. जिल्ह्यांत त्याचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात आणि मुंबई महानगर प्रदेशासाठी स्वतंत्र प्राधिकरण आहे. म्हणून भावाच्या परवान्याच्या कागदावर कार्यक्षेत्र म्हणून जे लिहिले असेल, तेच खरे मानावे. पाटीवरचा ४६ पाहून ते कळणार नाही.

विरार_पूर्व

आमच्याकडची स्थिती यापेक्षा चमत्कारिक आहे, म्हणून लिहितो. माझी २००९ ची गाडी एमएच ०४ ची आहे, कारण तेव्हा विरार ठाणे कार्यालयाकडे होते. नंतर वसईचे कार्यालय झाले आणि एमएच ४८ सुरू झाला. त्यानंतर १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला. मी याच घरात राहतो आहे, एक पाऊलही हललो नाही. तरी माझे कार्यालय बदलले आणि मग जिल्हाही बदलला. आरसीवर अजून 'जिल्हा ठाणे' असाच पत्ता आहे. आता पंधरा वर्षे संपल्यामुळे नोंदणीचे नूतनीकरण करायचे आहे. मी ठाण्याला जायचे की इथेच चंदनसारला? आणि मी पत्ता बदललेलाच नसताना माझ्याकडे पत्ताबदलाचा अर्ज मागतील का?

निवृत्त_खतावणी

विरार_पूर्व, आपले उदाहरण या धाग्यासाठी फार मोलाचे आहे, कारण हद्द आणि जिल्हा या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हे त्यातून जसे दिसते, तसे माझ्या यादीतून दिसत नाही.

क्रम नीट पाहावा. आधी कार्यालय झाले, तेव्हा वसईसह उत्तरेकडचे तालुके ठाणे जिल्ह्यातच होते. म्हणजे त्या काळी ठाण्याच्या एका जिल्ह्यात ०४ ठाणे, ०५ कल्याण, ४३ नवी मुंबई आणि ४८ वसई अशी चार कार्यालये होती. पुढे जिल्ह्याची विभागणी झाली आणि वसई, पालघर, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड आणि वाडा हे आठ तालुके पालघर जिल्ह्यात गेले. वसईचे कार्यालय आधीच उभे होते, म्हणून नव्या जिल्ह्याला नवा आकडा देण्याचे कारणच उरले नाही. वाशीम, हिंगोली आणि नंदुरबारला जिल्हा झाल्यावर आकडा मिळाला, पालघरला जिल्हा होण्याआधीच मिळालेला होता. त्यामुळे आज एमएच ४८ जिल्ह्याशी जुळलेला दिसतो, पण तो जिल्ह्यासाठी काढलेला आकडा नाही. कार्यालय विरारला आणि जिल्ह्याचे मुख्यालय पालघरला, ही विषमताही त्यातूनच आली. तलासरी किंवा मोखाड्याच्या माणसाला गाडीच्या कामासाठी जिल्ह्याचे गाव ओलांडून थेट दक्षिण टोकाला यावे लागते.

आपल्या नूतनीकरणाचे काम आपण आज जिथे राहता त्या हद्दीच्या कार्यालयात व्हायला हवे, म्हणजे वसईच्या. आपण हलला नाहीत हे खरे, पण गाडीची नोंद ज्या कार्यालयाच्या नावावर आहे ते कदाचित अजून ठाणे असेल. आधी vahan.parivahan.gov.in वर गाडीचा नंबर टाकून नोंदणी प्राधिकारी म्हणून कुणाचे नाव येते ते पाहावे. तिथे ठाणे दिसले, तर पत्ताबदलाच्या मार्गानेच नोंद वसईकडे आणून मग फॉर्म २५ चे नूतनीकरण करणे सरळ पडते. फॉर्म ३३ मध्ये जुना आणि नवा पत्ता लिहिताना घर तेच आणि फक्त जिल्ह्याचे नाव वेगळे असे दिसेल, त्याने बिचकू नये.

शिडाचा_मचवा

माझ्या ना हरकत दाखल्याचे काय झाले, ते मात्र राहिले. मला तो मागितला होता आणि मी तो दिला होता, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले आहे. कायदा काही म्हणो, व्यवहार तसा होता.

निवृत्त_खतावणी

होय, आपण सांगता ते घडले असणारच, मी त्याच काळात टेबलावर होतो. कायद्यात कलम ४८ चा ना हरकत दाखला दोन प्रसंगांना आहे. गाडी दुसऱ्या राज्यात नेऊन नवा नंबर घ्यायचा असेल किंवा तिचे हस्तांतर दुसऱ्या राज्यात होणार असेल, तर तो लागतो. राज्यातल्या राज्यात राहायला गेल्यावर कलम ४९ पुरेसे आहे. ज्या कार्यालयाने नवा पत्ता चढवला, त्यानेच तो मूळ कार्यालयाला कळवायचा, असे त्याच कलमात म्हटले आहे. म्हणजे कळवण्याचा बोजा मालकावर टाकलेला नाही.

मग आपल्याला दाखला का मागितला? कारण त्या वेळी गाडीची सगळी कुंडली मूळ कार्यालयाच्या जाड नोंदवहीत असायची. ठाण्याची वही रत्नागिरीला दिसत नव्हती. गाडीवर कर थकला आहे का, कर्ज आहे का, चोरीची तक्रार आहे का, हे टपालाने विचारून उत्तर यायला महिना जायचा. म्हणून मालकाच्याच हातून दाखला मागवण्याची रीत पडली. आता वाहन प्रणालीत ती वही सगळ्या कार्यालयांना दिसते आणि त्या रितीचे मूळ कारण राहिलेले नाही. तरीही एखाद्या टेबलावर जुनी सवय शिल्लक असू शकते, हे मी नाकारणार नाही. अशा वेळी वाद न घालता कलम ४९ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

तिलारीकाठ

मी दोडामार्गचा. आमच्याकडे प्रश्न जिल्ह्याचा नाही, राज्याचाच आहे. आमच्या भागातले कितीतरी लोक रोज गोव्यात कामाला जातात आणि रात्री घरी येतात. माझी गाडी म्हापशाला कामावर असताना तिथल्या भाड्याच्या खोलीच्या पत्त्यावर घेतलेली, जीए पाटीची आहे. आता खोली सोडून दोन वर्षे झाली, गाडी रात्री महाराष्ट्रात आणि दिवसा गोव्यात असते. काळनदी यांच्यासारखा मीही फॉर्म ३३ भरून सिंधुदुर्गच्या कार्यालयात पत्ता बदलून घेऊ शकतो का?

निवृत्त_खतावणी

तिलारीकाठ, तसे करता येणार नाही. कलम ४९ चा सोपा रस्ता एकाच राज्याच्या आतला आहे. दुसऱ्या राज्यातली गाडी इथे बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली, तर कलम ४७ प्रमाणे इथला नवा नंबर घ्यावा लागतो. त्यासाठी गोव्याचा ना हरकत दाखला, इथला कर आणि मग एमएच ०७ असा क्रम आहे. गोव्यात भरलेल्या कराचा उरलेला भाग परत मागण्याचा अर्ज तिकडे वेगळा करावा लागतो. गाडी दिवसा गोव्यात असते म्हणून ती तिथलीच, असे आपण म्हणू शकाल, पण कागदावर गोव्यातला राहण्याचा किंवा व्यवसायाचा पत्ता दाखवता आला पाहिजे. नोकरीचे ठिकाण हे मालकाच्या व्यवसायाचे ठिकाण धरायचे का, यावर मी निश्चित मत देत नाही.

खाडीपलीकडे

सर्वांचे वाचत होतो, एक मुद्दा सुटला आहे असे वाटते. २०१९ च्या दुरुस्तीत कलम ४० ची भाषा बदलली. आधी मालकाचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण ज्याच्या हद्दीत आहे त्या प्राधिकाऱ्याकडे नोंदणी करायची होती, आता तिथे 'राज्यातील कोणताही नोंदणी प्राधिकारी' असे शब्द आले. मग हद्दींची ही सगळी चर्चा जुनी झाली नाही का? उद्या मी अलिबागला राहून एमएच ०१ ची पाटी घेऊ शकेन.

आणखी एक. मीरा-भाईंदर आणि वसई-विरार यांचे पोलीस आयुक्तालय २०२० पासून एकच आहे, पण जिल्हे दोन, ठाणे आणि पालघर, आणि आता आरटीओचे आकडेही दोन, ५८ आणि ४८. तसेच खारघर, कामोठे आणि कळंबोली हा भाग नवी मुंबई पोलिसांकडे आहे, महापालिका पनवेलची आहे आणि जिल्हा रायगड आहे. त्यामुळे तिथे राहणारे पुष्कळ लोक एमएच ४३ ची अपेक्षा ठेवून येतात आणि त्यांना ४६ मिळतो. माणसाच्या एका पत्त्यावरून इतक्या रेघा जात असतील, तर कार्यालयांनी आपल्या हद्दीत कोणकोणती गावे येतात याची यादी दारावर लावली पाहिजे, असे मला मनापासून वाटते.

निवृत्त_खतावणी

आपण शब्द बरोबर वाचले आहेत. परवान्याच्या बाबतीत, म्हणजे गाडी चालवण्याच्या लायसन्सच्या बाबतीतही तशीच दुरुस्ती आहे आणि लायसन्ससाठी राज्यातल्या कोणत्याही कार्यालयात अर्ज करण्याची मुभा तिथून आली. नोंदणीच्या बाबतीत मात्र ते वाक्य पूर्ण वाचावे. 'कोणताही' या शब्दानंतरही 'ज्याच्या हद्दीत मालकाचे राहण्याचे किंवा व्यवसायाचे ठिकाण आहे आणि जिथे वाहन सामान्यतः ठेवले जाते' हा भाग तसाच राहिला आहे. एकाच वाक्यात दोन गोष्टी असल्यामुळे त्याचा अर्थ दोन प्रकारे लावता येतो आणि माझ्या जुन्या सहकाऱ्यांतही यावर एकमत नाही. कलम ४९ मध्ये 'दुसऱ्या नोंदणी प्राधिकाऱ्याच्या हद्दीत' हे शब्द कायम आहेत, त्यामुळे काळनदी यांच्या कामाला या वादाचा अडसर नाही. नवी गाडी घेताना मला हवा तो आकडा मागता येईल का, याबद्दल आपण आणि मी दोघेही आज थांबलेले बरे.

गावांच्या यादीची आपली सूचना मला अगदी पटली.

काळनदी

मंडळी, अडीच महिन्यांनी परत येत आहे. काम झाले, पण अडचण आली ती अगदी अनपेक्षित जागी. ती इतरांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितो.

मी पेणचे कार्यालय निवडून फॉर्म ३३ ऑनलाइन भरला. भरताना यादीत जिल्हा नव्हे, कार्यालय निवडावे लागते हे आता नीट लक्षात होते, त्यामुळे तिथे चूक झाली नाही. हद्दीचा प्रश्न कुणीही विचारला नाही आणि ना हरकत दाखला कुणीही मागितला नाही. पण फॉर्म ३३ च्या खाली कर्ज देणाऱ्याच्या संमतीची एक चौकट असते. माझे कर्ज २०२२ सालीच फिटले होते, म्हणून मी ती कोरी ठेवली. खिडकीवरच्या बाईंनी पडदा माझ्याकडे वळवून दाखवला, तर नोंदीत बँकेचा बोजा तसाच उभा होता. कर्ज फेडले, पण बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ मी कधी दिलाच नव्हता.

घरी येऊन कागद काढले. बँकेचे पत्र प्लॅस्टिकच्या पिशवीत जसेच्या तसे होते, फॉर्म ३५ च्या दोन प्रती त्याला टाचलेल्या, बँकेचा शिक्का निळ्या शाईचा, आणि वर पत्ता 'नोंदणी प्राधिकारी, पनवेल'. पत्राची मुदत केव्हाच उलटली होती. बँकेने नवे पत्र द्यायला पाच आठवडे घेतले. या वेळी मी त्यावर पेणचे नाव मागून घेतले, कारण जुन्या पत्त्याच्या कार्यालयाचे नाव असते तर पुन्हा एक फेरी झाली असती. मग दोन्ही अर्ज एकत्र दिले. नवे आरसी आले आहे. त्यावर नंबर एमएच ४६ चा, पत्ता माणगावचा आणि प्राधिकारी पेण. तिन्ही एकाच कार्डावर पाहिले, तेव्हा निवृत्त_खतावणी यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेले नीट उमगले.

आता एक नवा पेच आहे. आमच्या मंडळींच्या नावावरची स्कूटर खारघरलाच आहे, मुलगी रोज ती वापरते. मालक माणगावला आणि गाडी खारघरला. तिचाही पत्ता बदलायचा का?

निवृत्त_खतावणी

अभिनंदन. बँकेच्या पत्रावर पेण लिहून घेतलेत, हे फार चांगले केलेत.

स्कूटरचा प्रश्न सोपा नाही. कलम ४९ मालकाच्या राहण्याकडे पाहते, म्हणून वहिनींनी खारघर कायमचे सोडले असेल तर पत्ता कळवणे त्यांच्यावर येते. सहा महिन्यांच्या आतल्या तात्पुरत्या गैरहजेरीला सूट आहे. गाडी वापरलीच जात नसेल आणि जागची हललीच नसेल, तरी सूट आहे. पण ही स्कूटर रोज धावते, म्हणून त्या सवलतीत ती बसत नाही. उलट कलम ४० गाडी सामान्यतः जिथे ठेवली जाते त्या जागेचाही विचार करते आणि त्या हिशोबाने ती पनवेल हद्दीतलीच राहते. मला विचाराल तर स्कूटर मुलीच्या नावावर हस्तांतरित करून घ्यावी. त्यासाठी फॉर्म २९ आणि ३० पनवेललाच द्यायचे. मालक आणि गाडी एकाच हद्दीत आले की हा पेच उरत नाही.

नेरळची_ताई

काका, हस्तांतर केले तरी विमा आईच्या नावावर असेल, तर तोही मुलीच्या नावावर करावा लागेल ना? आमच्याकडे एकांनी आरसी बदलले आणि विमा तसाच ठेवला. नंतर अपघात झाला, तेव्हा दावा अडकला.

निवृत्त_खतावणी

होय ताई, हस्तांतराच्या तारखेपासून १४ दिवसांच्या आत नव्या मालकाने विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नाव बदलून घ्यायचे असते. काळनदी, हे तेवढे विसरू नये.